पगार-हजेरी सॉफ्टवेअरची आरएफपी: सगळी कोटेशन एकाच मापात कशी मागवायची

तीन पुरवठादारांना फोन केला, तिघांनी कोटेशन पाठवले. पहिल्याचे ‘60 रुपये प्रति कर्मचारी प्रति महिना’, दुसऱ्याचे ‘1,10,000 रुपये वार्षिक’, तिसऱ्याचे ‘2,10,000 रुपये एकदाच, मग एएमसी 18 टक्के’. आता स्वस्त कोण, हे या तीन कागदांवरून कुणालाच सांगता येणार नाही. चूक पुरवठादारांची नसते. काय मोजायचे ते आपण सांगितले नाही, म्हणून प्रत्येकाने आपल्या सोयीचे माप लावले.

आरएफपी, म्हणजे प्रस्ताव मागवणारा कागद, लिहायचा तो हे माप आपल्या हातात ठेवण्यासाठी. पुढचे टप्पे एका नमुना उदाहरणावर मांडले आहेत. एक मध्यम कारखाना आहे, पगारपत्रकावर 120 कर्मचारी, त्यातले 85 शॉपफ्लोअरवर आणि 35 कार्यालयात. शिवाय ठेकेदाराचे 40 कामगार, ज्यांची हजेरी कारखाना घेतो पण पगार ठेकेदार देतो. बायोमेट्रिक मशीन 3. टप्प्यांचा क्रम बदलू नका, कारण प्रत्येक टप्प्यातले आकडे पुढच्या टप्प्यात लागतात.

## 1. आधी स्वतःची मोजणी

आरएफपीचा पहिला शब्द लिहिण्याआधी एचआर, अकाउंट्स आणि गेटवरची सुरक्षा या तिघांना एकत्र बसवून एका पानावर पुढचे आकडे उतरवा: पगार किती जणांचा निघतो, हजेरी किती जणांची लागते, पाळ्या किती, मशीन कोणत्या कंपनीची व कोणत्या मॉडेलची, पगारपत्रक उघडणारी माणसे किती आणि जुना डेटा किती वर्षांचा हवा.

यात सर्वांत जास्त घोळ ‘कर्मचारी’ या शब्दाचा होतो. वरच्या कारखान्यात एक पुरवठादार 120 धरेल, दुसरा 160. कुणी महिन्याच्या शेवटच्या तारखेला कामावर असलेले मोजेल, तर कुणी सोडून गेलेल्यांची नोंद सिस्टीममध्ये आहे म्हणून त्यांचेही पैसे लावेल. म्हणून व्याख्याच लिहून द्या: ‘ज्याची त्या महिन्यात पगारचिठ्ठी निघाली तो एक कर्मचारी. सोडून गेलेल्यांच्या जुन्या नोंदींसाठी आकार नाही. ठेकेदाराचे कामगार वेगळे मोजावेत, त्यांना फक्त हजेरी लागेल.’

मोजणी आजच्या संख्येवर थांबवू नका. तीन वर्षांचे आकडे ठरवून टाका. इथे 120, 135 आणि 150 धरले आहेत, ठेकेदाराचे 40 तेवढेच. हा अंदाज चुकला तरी बिघडत नाही, कारण तो सगळ्यांसाठी सारखाच चुकेल.

तपासा: मोजणीचे पान अकाउंट्सच्या मागच्या महिन्याच्या पगारपत्रकाशी जुळते का? दोन-चार नावांचा फरक निघाला तर तो बहुतेक प्रशिक्षणार्थी किंवा नोटीस पिरियडवरच्या लोकांचा असतो. ते कुठल्या गटात मोडतात ते आत्ताच ठरवा.

## 2. काय हवे, काय नको

अर्ध्या पानात आटपणारे काम आहे, पण ते वगळले की दर भरकटतात. ‘हवे’ खाली लिहा: हजेरी, पाळ्या, रजा, पगार, पीएफ, ईएसआय, प्रोफेशनल टॅक्स, टीडीएस, पगारचिठ्ठी. ‘नको’ खाली लिहा: भरती, मूल्यमापन, प्रवासखर्च, कर्मचाऱ्यांसाठीचे चॅट. ‘नको’ची यादी नसेल तर एक पुरवठादार संपूर्ण पॅकेजचा दर देतो, दुसरा नुसत्या पगाराचा देतो, आणि पहिला विनाकारण महाग दिसतो.

## 3. गरज अशी लिहा की हो-नाहीत उत्तर द्यावेच लागेल

‘सॉफ्टवेअर वापरायला सोपे असावे’, ‘शिफ्ट मॅनेजमेंट असावे’ ही वाक्ये आरएफपीत असून नसल्यासारखी आहेत. प्रत्येक पुरवठादार त्यापुढे ‘हो’ लिहिणार. गरज म्हणजे एक प्रसंग, आणि त्या प्रसंगात सॉफ्टवेअरने काय करायचे ते. फरक असा दिसतो:

- ढोबळ: रात्रपाळीची सोय असावी.
- तपासता येणारी: रात्री 10 ते सकाळी 6 या पाळीत आत येण्याचा पंच एका तारखेला आणि बाहेर जाण्याचा दुसऱ्या तारखेला पडतो. दोन्ही मिळून एकाच दिवसाची हजेरी धरली जावी आणि 8 तासांपुढचा वेळ ओव्हरटाइममध्ये जावा.

- ढोबळ: प्रोफेशनल टॅक्स कापला जावा.
- तपासता येणारी: महाराष्ट्राच्या दरांनुसार 200 रुपयांच्या टप्प्यातल्या कर्मचाऱ्याचे फेब्रुवारीत आपोआप 300 रुपये कापले जावेत. दरमहा 25,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिला कर्मचाऱ्याची कपात शून्य असावी.

- ढोबळ: ईएसआयची सोय असावी.
- तपासता येणारी: ईएसआयमध्ये असलेल्या कर्मचाऱ्याचा पगार जुलैत 21,000 रुपयांच्या पुढे गेला तरी तो अंशदान-कालावधी संपेपर्यंत, म्हणजे सप्टेंबरअखेर, कपात चालू राहावी आणि ऑक्टोबरपासून थांबावी.

ईएसआयचा हा प्रसंग मुद्दाम घालावा. मर्यादा ओलांडली की त्याच महिन्यात कपात बंद करणारे सॉफ्टवेअर वरवर बरोबर चालताना दिसते, आणि चूक पुढे तपासणीत उघडी पडते.

अशी वाक्ये 30 ते 40 पुरेत. त्यांतली जास्तीत जास्त 12 ‘अनिवार्य’ म्हणून खुणावा. सगळीच अनिवार्य केली तर कुणीच खरे उत्तर देत नाही, कारण एक ‘नाही’ लिहिले तर आपण बाद होऊ अशी भीती असते.

प्रत्येक वाक्यापुढे उत्तराला चारच पर्याय द्या. त: तयार आहे, जसेच्या तसे चालते. स: सेटिंग बदलून होईल. क: कोडिंग करावे लागेल. न: होणार नाही. ‘क’ लिहिले तर किती दिवस लागतील ते शेजारी लिहायचे आणि त्याचा खर्च दरपत्रकातल्या ‘सुरुवातीची मांडणी’ या ओळीत धरायचा, अशी अट घाला. ही अट घालायची राहून गेली तर कोटेशनमध्ये सगळे ‘होईल’ असते आणि ऑर्डर गेल्यावर त्याच कामाचे वेगळे बिल येते.

सावधान: एखाद्या पुरवठादाराच्या माहितीपत्रकातली वैशिष्ट्यांची यादी उचलून आरएफपीत चिकटवू नका. त्यातले शब्द त्याच्याच सॉफ्टवेअरच्या स्क्रीनवरचे असतात. बाकीच्यांना ते वाचताच कळते की निवड आधीच झाली आहे. मग ते वाढीव दर टाकतात किंवा उत्तरच देत नाहीत.

## 4. दरपत्रक तुम्ही आखा, पुरवठादाराने फक्त रकाने भरायचे

सगळ्या आरएफपीत वेळ द्यायची जागा हीच आहे. पुरवठादाराच्या लेटरहेडवरची पीडीएफ दर म्हणून स्वीकारू नका. एक्सेलची फाइल द्या. तिच्यात ओळी, एकक आणि संख्या आधीच भरलेल्या आणि लॉक केलेल्या असाव्यात. दराचा आणि तीन वर्षांच्या रकमांचा रकाना तेवढा उघडा.

| क्र. | बाब | एकक | संख्या |
|---|---|---|---|
| 1 | पगार व हजेरी | कर्मचारी-महिना, किंवा वार्षिक एकरकमी | 120 / 135 / 150 |
| 2 | फक्त हजेरी (ठेकेदाराचे कामगार) | कामगार-महिना | 40 |
| 3 | परवाना, एकदाच असल्यास | एकूण | 1 |
| 4 | सुरुवातीची मांडणी, जुना डेटा, सर्व ‘क’ कामे | एकूण | 1 |
| 5 | बायोमेट्रिक मशीनची जोडणी | मशीन | 3 |
| 6 | प्रशिक्षण, 2 तासांचे सत्र | सत्र | 4 |
| 7 | वार्षिक देखभाल | वर्ष | 3 |
| 8 | पुढील जादा काम | माणूस-दिवस | 5 |
| 9 | करार संपताना डेटा परत देणे | एकूण | 1 |
| 10 | ग्राहकाने स्वतः करायचा खर्च (सर्व्हर, बॅकअप इ.) | वर्णन | – |

आठवी ओळ बऱ्याच जणांच्या दरपत्रकात असते, पण संख्येविना. नुसता ‘माणूस-दिवसाचा दर सांगा’ म्हटले की तो दर बेरजेत येत नाही, त्यामुळे पुरवठादाराला तो चढा ठेवायला काहीच किंमत मोजावी लागत नाही. 5 दिवस धरले की तो आपोआप खाली येतो. हे 5 दिवस विकत घ्यायचे बंधन आपल्यावर नाही, ते तुलनेपुरते आहेत, असे स्पष्ट लिहा.

दहावी ओळ क्लाउडवर चालणारे आणि आपल्या सर्व्हरवर बसवायचे सॉफ्टवेअर एका तराजूत आणते. सर्व्हरची किंमत पुरवठादाराला विचारू नका. त्याला काय लागेल तेवढे लिहू द्या, आणि रक्कम आपल्या हार्डवेअरवाल्याकडून काढून तुम्हीच भरा.

दरपत्रकाच्या माथ्यावर भरण्याचे नियम छापा:

- रकाना रिकामा ठेवू नये. दर लागत नसेल तर 0 लिहावे. 0 म्हणजे ही बाब आमच्या किमतीत धरलेली आहे.
- ‘प्रत्यक्षानुसार’, ‘चर्चेनंतर’, ‘लागू असल्यास’ हे शब्द रिकामा रकाना मानले जातील.
- खुलासा मागूनही रकाना रिकामा राहिला तर तुलनेसाठी त्या ओळीत इतरांपैकी सर्वांत जास्त रक्कम धरली जाईल.
- सर्व दर जीएसटी वगळून लिहावेत. जीएसटीचा दर वेगळ्या रकान्यात द्यावा.
- दर तीन वर्षे स्थिर. वाढ हवी असेल तर टक्केवारी वर्षाच्या रकमेत धरूनच रक्कम लिहावी.
- सवलत बेरजेच्या खाली एकगठ्ठा न देता त्या-त्या ओळीच्या दरातच द्यावी.

जीएसटीबद्दल एक बारकावा आहे. कारखान्याला इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत असेल तर 18 टक्के शेवटी परत मिळतात, म्हणून तुलना कराविना करा. शाळा, ट्रस्ट किंवा करमुक्त सेवा देणारी संस्था असेल तर तो कर खिशातूनच जातो. तिथे करासहित बेरीज धरा. पुरवठादारांपैकी एखादा जीएसटीत नोंदलेला नसेल तर हा फरक निकाल फिरवू शकतो.

तपासा: फाइल पाठवण्याआधी तुम्ही स्वतः पुरवठादार होऊन तिच्यात खोटे दर भरा. एखाद्या ओळीपाशी ‘हे कोणत्या हिशोबाने?’ असा प्रश्न पडला तर तोच प्रश्न सगळ्या पुरवठादारांना पडणार आहे.

## 5. किंमत हलवणाऱ्या अटी

सगळ्या कायदेशीर अटींवर इथे वेळ घालवू नका. त्या खरेदी करारात येतील. पण तीन अटी अशा आहेत की त्या सारख्या नसतील तर दर सारखे दिसूनही खोटे असतात.

पहिली, मदतीची वेळ. ‘उत्तम सपोर्ट’ म्हणजे काहीच नाही. लिहा: सोमवार ते शनिवार, सकाळी 9 ते संध्याकाळी 7, फोनवर मराठी किंवा हिंदीत. पगाराच्या काळात, म्हणजे महिन्याच्या 28 पासून 5 तारखेपर्यंत, पगार अडवणाऱ्या तक्रारीवर 2 तासांत काम सुरू. सातवी ओळ या अटीवर भरायची आहे.

दुसरी, कायद्यातले बदल. महाराष्ट्रात महिलांसाठी प्रोफेशनल टॅक्सची सूट मर्यादा 1 एप्रिल 2023 पासून 10,000 वरून 25,000 रुपये झाली. असा बदल कुणाच्या वार्षिक शुल्कात बसतो, कुणी त्याला नवीन काम म्हणून बिल लावतो. म्हणून लिहा: ‘केंद्र व राज्य सरकारने पगाराशी संबंधित दर, मर्यादा किंवा विवरणपत्राचा नमुना बदलल्यास तो बदल जादा आकाराशिवाय, अंमलाच्या पहिल्या पगाराआधी करून द्यावा.’

तिसरी, डेटा परत मिळणे. कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत आणि कोणकोणता डेटा हे तिन्ही सांगा. उदाहरणार्थ: सर्व कर्मचाऱ्यांची माहिती, महिनावार पगार आणि रोजची हजेरी एक्सेल किंवा सीएसव्हीत, मागणीपासून 15 दिवसांत. पगारचिठ्ठ्यांच्या हजारो पीडीएफ देऊन ‘डेटा दिला’ म्हणणारेही असतात.

## 6. पाठवणे आणि शंका

चार-पाच पुरवठादार पुरेत. दहा जणांना पाठवली तर उत्तरे वाचायलाच महिना जातो आणि चांगले पुरवठादार गर्दी पाहून मागे सरतात. वेळापत्रक पहिल्याच पानावर द्या: पहिल्या दिवशी आरएफपी, पाचव्या दिवसापर्यंत लेखी शंका, सातव्या दिवशी सर्व उत्तरे, चौदाव्या दिवशी प्रस्ताव, त्यानंतरच्या आठवड्यात डेमो.

शंकांच्या टप्प्यावर भल्याभल्यांची तुलना बिघडते. एक पुरवठादार फोन करून विचारतो, ‘मशीन आमच्या यादीत नाही, नवीन धरू का?’ आणि समोरचा सहज म्हणतो, ‘धरा.’ आता त्याच्या किमतीत तीन मशीन आहेत, बाकीच्यांच्या नाहीत. फोनवरच्या प्रश्नाला एकच उत्तर द्यावे: ‘मेल करा.’ सातव्या दिवशी सगळे प्रश्न, विचारणाऱ्याचे नाव काढून, उत्तरांसह सगळ्यांना एकाच वेळी जावेत. उत्तरामुळे दरपत्रकातली संख्या बदलत असेल तर नवीन फाइल पाठवा आणि तिच्या नावात `v2` लिहा. जुन्या फाइलवर आलेला प्रस्ताव तुलनेत घेता येत नाही, हेही कळवा.

सावधान: बजेट एकालाच सांगितले जाऊ नये. सांगायचे तर सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नाही.

## 7. हिशोब

दरपत्रके उघडण्याआधी गरजांची उत्तरे वाचा आणि अनिवार्य ओळीवर ‘न’ असलेल्यांना बाजूला करा. कमी आकडा एकदा डोळ्यांसमोर आला की ‘न’चेही ‘चालेल की’ होते.

सुरुवातीच्या त्याच तीन पुरवठादारांनी आता दरपत्रक भरले, असे धरू. पहिल्याच्या पहिल्या ओळीचे सूत्र असे:

```
=60*12*(120+135+150)
```

म्हणजे 2,91,600 रुपये. तीन वर्षांचे पूर्ण चित्र, जीएसटी वगळून:

| बाब | पहिला | दुसरा | तिसरा |
|---|---|---|---|
| पगार व हजेरी | 2,91,600 | 3,30,000 | 0 |
| ठेकेदाराचे कामगार | 28,800 | 0 | 0 |
| परवाना | 0 | 0 | 2,10,000 |
| मांडणी | 40,000 | 0 | 35,000 |
| मशीन जोडणी | 24,000 | 0 | 0 |
| प्रशिक्षण | 0 | 0 | 0 |
| देखभाल | 0 | 0 | 75,600 |
| जादा काम, 5 दिवस | 25,000 | 40,000 | 20,000 |
| डेटा परत | 0 | 20,000 | 0 |
| आपला सर्व्हर व बॅकअप | 0 | 0 | 70,000 |
| एकूण | 4,09,400 | 3,90,000 | 4,10,600 |

पहिल्या कोटेशनच्या वेळी पहिला पुरवठादार वर्षाला 86,400 रुपयांचा, म्हणजे सगळ्यांत स्वस्त वाटत होता. ठेकेदाराच्या कामगारांचे 20 रुपये, मशीनमागे 8,000 आणि मांडणीचे 40,000 त्या ‘60 रुपयां’त नव्हते. तिसऱ्याची देखभाल पहिल्या वर्षी परवान्यात धरलेली आहे. पुढची दोन वर्षे 37,800 प्रमाणे ती लागते.

बेरीज झाल्यावर एकच गोष्ट तपासा: कोणता अंदाज थोडा हलवला तर क्रम बदलतो? इथे दुसऱ्याचा माणूस-दिवस 8,000 रुपयांचा आहे, पहिल्याचा 5,000 चा. दोघांतला फरक 19,400 रुपये. जादा काम 5 ऐवजी 12 दिवसांचे निघाले तर 7 दिवसांचे 21,000 रुपये वाढून दुसरा पहिल्यापेक्षा किंचित महाग होतो. म्हणजे किमतीवरून इथे निकाल लागत नाही, आणि डेमोला तिघांनाही बोलवायला हवे.

## 8. डेमो आणि ऑर्डर

पुरवठादाराचा ठरलेला डेमो पाहण्यात अर्थ नाही. त्यातले कर्मचारी नेहमी वेळेवर येतात आणि पूर्ण महिना भरतात. दोन दिवस आधी 10 काल्पनिक कर्मचाऱ्यांची एक्सेल सगळ्यांना सारखीच द्या. त्यात रात्रपाळीचा एक, महिन्याच्या मध्यात सोडून गेलेला एक, जुलैत ईएसआयची मर्यादा ओलांडलेला एक, 24,000 रुपये पगाराची एक महिला, आणि तीन महिन्यांच्या फरकाची थकबाकी मिळणारा एक असू द्या. अकाउंट्सने यांचा पगार आधीच हाताने काढून ठेवावा. समोर पगार चालवायला सांगा आणि आकडे जुळवा. प्रस्तावात ‘त’ लिहिलेली ओळ डेमोत चालली नाही तर तिचे ‘क’ करा, दिवस लिहून घ्या आणि चौथ्या ओळीची रक्कम सुधारून बेरीज पुन्हा करा.

निवड झाल्यावर पर्चेस ऑर्डरला तीन कागद परिशिष्ट म्हणून जोडा: उत्तरांसह गरजांची यादी, भरलेले दरपत्रक आणि शंका-उत्तरांचा मेल. ऑर्डरमध्ये एक वाक्य घाला की पुरवठादाराच्या छापील अटी आणि ही परिशिष्टे यांत विरोध आला तर परिशिष्टे ग्राह्य धरली जातील.